बाबांच्या फोनचं व्हायब्रेशन गेलं, मोटर बदलू का?

कपाशीवाला_दारव्हा · रविवार, सकाळी ७:४०

राम राम मंडळी. प्रश्न साधाच आहे पण तालुक्याच्या दुकानदारानं डोकं फिरवलं म्हणून इथं टाकून रायलो.

बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं अर्धवट. म्हणून त्यांचा सारा कारभार व्हायब्रेशनवर. फोन बंडीच्या आतल्या खिशात, छातीला लागून, घर्र झालं की समजते कोणाचा तरी फोन आला. साडेतीन वर्षं मस्त चाललं. पोळ्याच्या आसपास हळूहळू कमी होत गेलं, आता तर कधी होते कधी नाही, आणि झालं तरी माशी भुणभुणल्यावाणी. परवा आई चक्कर येऊन पडली, मी अकरा फोन केले, बाबा वावरात डवरणी करत होते, एकही समजला नाही. शेवटी शेजारच्या पोराला गाडीवर पाठवलं.

दुकानदार म्हणते मोटर गेली, बोर्डात पण लोचा असू शकते, ९०० रुपये लागतील आणि गॅरंटी नाही. फोनवर जाड रबरी कव्हर आहे, मागं अंगठी बसवलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडंच जाईल.

मोटर बदलू, का आधी काही पाहावं?

संत्रामास्तर · सकाळी ८:०५

मोटर मोनोब्लॉक आहे का सबमर्सिबल? मोनोब्लॉक कमी व्हायब्रेट होत असेल तर चांगलंच आहे बाप्पा, लोकायची जास्त होते म्हणून लोक रडतात. फाउंडेशनचे बोल्ट पाहा आणि बेअरिंगला हात लावून पाहा गरम होते का. ९०० रुपयात तर रिवाइंडिंगही होत नाही, दुकानदार फसवून रायला तुले.

वऱ्हाडी_पोट्टा · सकाळी ८:११

मास्तर 😂😂 विहिरीवरची मोटर बंडीच्या खिशात ठेवते का कोणी

संत्रामास्तर · सकाळी ८:१४

चष्मा नव्हता. शीर्षकात मोटर दिसली, लिहून टाकलं. चालू द्या तुमचं.

मीनाक्षी_व · सकाळी ८:५०

दुकानात जायच्या आधी सेटिंग पाहा हो. माझ्या सासऱ्यांच्या फोनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं, नातवानं खेळता खेळता डू नॉट डिस्टर्ब लावून ठेवलं होतं. दुसरं म्हणजे आता नवीन फोनमध्ये व्हायब्रेशनच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात. कॉलची वेगळी, मेसेजची वेगळी, बोट लावल्यावर होते ती वेगळी. साउंड अँड व्हायब्रेशनमध्ये जाऊन तिन्ही शेवटपर्यंत ओढा, आणि त्याच पानावर सगळ्याचं एक मुख्य बटण असते ते चालू आहे का पाहा.

आणि बॅटरी सेव्हर! तो चालू असला की बऱ्याच फोनमध्ये कीबोर्डची आणि मेसेजची घरघर बंद होते.

कपाशीवाला_दारव्हा · सकाळी ९:३०

ताई बॅटरी सेव्हर सापडला! मीच लावून दिला होता मागच्या वर्षी, लाईनचा भरवसा नाही म्हणून. आता बंद केला, तर कीबोर्डवर बोट मारलं की बारीक टकटक लागते जी आधी नव्हतीच. पट्ट्या पूर्णच होत्या. डू नॉट डिस्टर्ब बंदच होतं.

पण कॉलची घरघर जशी होती तशीच. मी समोर बसून बाबांना पाच वेळा फोन लावला. दोनदा झालं, एकदा सुरू होऊन मधातच थांबलं, दोनदा काहीच नाही.

मीनाक्षी_व · सकाळी ९:४१

मग सेटिंग नाही. सेटिंग असतं तर पाचही वेळा सारखंच झालं असतं.

जय_किसान_मोबाईल · सकाळी १०:२०

कव्हर काढून फेका. जाड कव्हरमुळेच मोटर जळते. कव्हर घट्ट असते, मोटरला फिरायला जागा भेटत नाही, मग लोड येते आणि जळते. माझ्या दुकानात मी कव्हर विकतो तरी सांगून रायलो. अंगठीवाले कव्हर तर सर्वात खराब.

सोल्डर_काका · सकाळी ११:०२

जय किसान भाऊ, अर्धं बरोबर अर्धं चूक. कव्हरमुळे घरघर कमी लागते हे खरं. मोटर जळते हे खोटं. मोटर फोनच्या पोटात तिच्या डबीत बंद असते, तिचं वजन आतल्या आत फिरते, कव्हर तिला शिवतही नाही. लोड कायचं येईल?

कव्हरनं होते काय, तेवढीच ताकद जास्त वजनाला हलवते. मोकळ्या बैलगाडीला आणि भरलेल्या गाडीला बैल तेच, चाल वेगळी. आणि मऊ जाड रबर असलं की जी काही थरथर बाहेर येते तीही रबर गिळून टाकते, छातीपर्यंत पोहोचतच नाही. पातळ कडक कव्हरमधून बरीच येते.

दारव्हेकर, एक करा. किराणा दुकानात काटा असेल त्यावर फोन आणि कव्हर वेगवेगळं मोजा. मग घरी स्टीलच्या ताटात फोन ठेवून कव्हरसकट आणि कव्हर काढून कॉल लावून पाहा. हातात धरून पाहू नका, हाताला अंदाज नसते. ताट खोटं बोलत नाही.

मी १४ वर्षं हेच काम करतो, पुसदला. ९०० वर लगेच हो म्हणू नका.

आयटीआय_इलेक्ट्रिशियन · सकाळी ११:३०

काका सही. ताटाची आयडिया मी पण वापरीन.

जय_किसान_मोबाईल · सकाळी ११:४८

मी जे पाहिलं ते सांगितलं. कव्हरवाले फोनच जास्त येतात माझ्याकडे मोटरसाठी.

वऱ्हाडी_पोट्टा · सकाळी ११:५५

भाऊ कव्हर नसलेला फोन गावात आहे कोणाकडे? चप्पलवाल्यायलेच काटा जास्त रुततो म्हणून चप्पल खराब का 😄

कपाशीवाला_दारव्हा · दुपारी १:१५

काट्यावर मोजलं. फोन १९२ ग्रॅम. कव्हर अंगठीसकट ५८ ग्रॅम!! मला वाटलं पंधरा-वीस असेल.

ताटात ठेवलं. कव्हरसकट, घरघर झाली तेव्हाही ताट नुसतं गप, फोन जागचा हलला नाही. कव्हर काढून, दोनदा ताट चांगलं वाजलं, भांड्याच्या मांडणीवाणी, आणि फोन बोटभर सरकला. पण तिसऱ्यांदा पुन्हा काहीच नाही, आणि चौथ्यांदा सुरू होऊन एका सेकंदात मेलं.

म्हणजे कव्हर चोर आहे पण एकटं नाही.

सोल्डर_काका · दुपारी २:००

बरोबर पकडलं. १९२ चे २५० झाले म्हणजे थरथर पाऊणवर आली, वरून रबर. तेवढं कव्हरचं. पण "कधी होते कधी नाही" हे कव्हरनं कधीच होत नाही. जे अधूनमधून होते ते एक तर जोडाचं दुखणं असते किंवा मोटरच्या आतलं.

आता पुढचं. डायलर उघडा आणि कंपनीचा टेस्ट कोड मारा. सॅमसंग असेल तर पहिला, शाओमी-रेडमी असेल तर दुसरा. बाकी कंपन्यांचे वेगळे असतात.

```
*#0*#
*#*#6484#*#*
```

त्यात व्हायब्रेशनची टेस्ट भेटेल. ती लावली की सॉफ्टवेअरमधली बाकीची भानगड बाजूला राहते, फोन सरळ मोटरला चालव म्हणते. टेस्टमध्येही अडखळली तर हार्डवेअर. टेस्टमध्ये दणदणीत आणि कॉललाच नाही, तर सेटिंग किंवा कोणतं तरी ॲप.

टेस्ट चालू असताना दोन गोष्टी करा, कव्हर काढूनच. एक, अंगठ्यानं मागचं झाकण जागोजागी हळू दाबत जा, विशेष करून खालचा भाग चार्जिंगच्या तोंडाजवळ आणि वर कॅमेऱ्याच्या आसपास. दोन, घरघर बंद असेल तेव्हा फोनच्या कडेला बोटाच्या गाठीनं हलकं टक टक करा. बोटाच्या गाठीनं म्हणतो आहे, गोट्यावर आपटू नका. दाबल्यावर सुरू होते का ठोकल्यावर, हे लिहून ठेवा, दोन्हीचा अर्थ वेगळा निघते.

संत्रामास्तर · दुपारी २:२०

आता चष्मा लावून वाचून रायलो. इंटरेस्टिंग आहे. माझाही मुद्दा आहे बरं का. माझ्या वावरातल्या मोटरला सिमवाला ऑटोस्टार्टर लावला आहे, रात्री थ्री फेज आली की तो मला फोन करते. रिंग ठेवली तर बायको उठते, व्हायब्रेशन ठेवलं तर मी उठत नाही. उशीखाली ठेवतो.

मीनाक्षी_व · दुपारी २:३१

मास्तर उशीखाली म्हणजे कापसात. ते तर सर्वात जाड कव्हर झालं 🙂 खाटेच्या लाकडी पाटीवर ठेवा, पाटी वाजते.

संत्रामास्तर · दुपारी २:४०

हे म्हणजे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आज करून पाहतो.

कपाशीवाला_दारव्हा · संध्याकाळी ५:५०

दोन कोडपैकी एक चालला. टेस्टमध्येही तेच, अडखळते.

दाबून पाहिलं. वर काही फरक नाही. खाली डाव्या कोपऱ्यात दाबलं की घर्र चालू, बोट सोडलं की बंद. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. ठोकून पाहिलं तर कधी सुरू झालं कधी नाही.

बाबा म्हणतात सोड ना रे, फोन काय बैल आहे का पुठ्ठ्यावर थाप मारून चालवायला.

सोल्डर_काका · संध्याकाळी ६:३०

बाबांना नमस्कार सांगा.

दाबल्यावर चालते म्हणजे बहुतेक जोड. अशा फोनमध्ये मोटरला वायर सोल्डर केलेली नसते खूपदा. मोटरच्या बुडाला दोन बारीक स्प्रिंगचे पाय असतात, तिचे पाय बोर्डावरच्या दोन सोनेरी ठिपक्यांवर नुसते टेकलेले राहतात, आणि वरून प्लास्टिकची फ्रेम स्क्रूनं दाबून धरते. पाय बसकले, ठिपक्यावर गंज चढला किंवा फ्रेमचा एक स्क्रू ढिला पडला की करंट येते जाते. तुम्ही अंगठ्यानं तो दाब परत दिला म्हणून चालली.

आता मला सांगा, फवारणीच्या वेळी फोन कुठं असते बाबांचा?

कपाशीवाला_दारव्हा · संध्याकाळी ६:४४

खिशातच. पंप पाठीवर, फोन छातीवर. बंडी घामानं आणि फवाऱ्यानं पार भिजलेली असते. मी शंभरदा सांगितलं पन्नीत ठेवा म्हणून.

सोल्डर_काका · संध्याकाळी ७:०५

मग झालं. घामातलं मीठ आणि फवाऱ्याचं पाणी. कव्हर जाड असलं की तो ओलावा कव्हर आणि फोनच्या मधात दिवसभर राहते, वाळत नाही. जय किसान भाऊंकडे कव्हरवाले फोन मोटरसाठी जास्त येतात त्यात याचाही वाटा असेल, जळण्याचा नाही. उघडल्यावर स्प्रिंगच्या पायाला हिरवं दिसलं तर माझी आठवण काढा.

जय_किसान_मोबाईल · संध्याकाळी ७:२०

म्हणजे फिरून कव्हरच निघालं ना शेवटी 😎

सोल्डर_काका · संध्याकाळी ७:२४

कव्हर नाही, कव्हर न काढणं.

आयटीआय_इलेक्ट्रिशियन · रात्री ८:१०

मी एक ट्रिक सांगतो, दुकानदार मोटर खराब म्हणला की त्याच्यासमोर चेक करायची. मोटर काढून मल्टिमीटर लावा, माझ्याकडं चांगल्या बटण मोटरला वीस-पंचवीस ओहम दाखवलं होतं. काहीच दाखवत नसेल तर आत तुटली. मल्टिमीटर नसेल तर भिंतीच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या, दोन वायर टेकवा, फिरली तर जिवंत, नाही फिरली तर मेली. उलट सुलट लावली तरी चालते. मी दहा मोटरी अशाच चेक केल्या.

सोल्डर_काका · रात्री ८:४५

ट्रिक चांगली आहे पण त्यानं एक चांगली मोटर कचऱ्यात जाईल. दोन जातीच्या मोटरी येतात. एक शर्टाच्या बटणाएवढी, आत अर्धचंद्राचं वजन गरगर फिरते, मिनिटाला दहा-बारा हजार फेरे. तिला सेल लावला की फिरते, तुमचं बरोबर. दुसरी महागड्या फोनमध्ये, हल्ली मधल्या किमतीच्यातही येते. तिच्यात फिरत काहीच नाही, स्प्रिंगवर लोहचुंबक असते, ते मागंपुढं हलते, सेकंदाला दीडशे-दोनशे वेळा, आणि त्यासाठी करंटही तसाच उलटसुलट लागते. तिला घड्याळाचा सेल लावला तर एकदा टक करून गप्प बसणार. सोडला की परत एक टक. ते तिचं चांगलं असणं आहे, मेलं म्हणून फेकू नका.

उघडायच्या आधी ओळखायचं असेल तर कान द्या. फिरणारी हळूच सुरू होते आणि बंद झाल्यावरही क्षणभर घरंगळते, घर्रर्र. स्प्रिंगवाली टक सुरू टक बंद, कीबोर्डवर बोट मारलं तर चिमटीत पकडल्यासारखी. दारव्हेकरांची ताटातली हकीकत ऐकून मला फिरणारी वाटते.

आणि सेल लावायचा तो मोटर बाहेर काढूनच. बोर्डावर असताना बाहेरून करंट देऊ नका, मोटर ऐंशी-शंभरची आणि बोर्ड हजारांचा.

आयटीआय_इलेक्ट्रिशियन · रात्री ८:५८

हे माहीत नव्हतं काका. मी एक "मेलेली" फेकली होती मागच्या महिन्यात. टकच झालं होतं तिचं. अरे देवा.

वऱ्हाडी_पोट्टा · रात्री ९:०३

दोन मिनिटं शांतता पाळा तिच्यासाठी

सरकीवाली · रात्री ९:४०

मी जिनिंगमध्ये हिशोबाला आहे. सीझनमध्ये मशीन चालू असली की कानात कापूस घालूनच बसावं लागते, रिंग ऐकू येणं शक्यच नाही, म्हणून व्हायब्रेशन.

माझं वेगळंच आहे. घरघर कमी नाही झाली, आवाज बदलला. पहिले घर्र होतं, आता खर्र खर्र, डब्यात खडा टाकून हलवल्यावाणी. हाताला कमी लागते आणि आवाज जास्त. सरकीची धूळ गेली असेल का आत? दिवाळीनंतर डिस्प्ले बदलला होता, तेव्हापासून असं वाटते पण नक्की आठवत नाही.

सोल्डर_काका · रात्री १०:०५

ताई, धूळ मोटरच्या आत सहसा जात नाही, डबी बंद असते. आवाज जास्त आणि थरथर कमी म्हणजे मोटर चालू आहे पण जागेवर पक्की नाही. ती खाचेत दुतर्फी टेपनं चिकटवलेली असते. डिस्प्ले बदलताना फोन तापवतात, टेप सुटते, किंवा परत लावताना फ्रेमचा एक स्क्रू राहून जाते. मग मोटर स्वतःच थडथड उडते आणि फोनला ताकद देत नाही. जिथं बदलला तिथंच नेऊन स्क्रू मोजायला लावा.

एक गोष्ट आणखी पाहा. फोन सपाट काचेवर ठेवून बघा डुगडुगते का, मागचं झाकण कुठं वर आलं आहे का. बॅटरी फुगली असेल तरी आतलं सारं सरकते. तसं दिसलं तर मोटर विसरा, फोन चार्जिंगला लावू नका आणि आधी बॅटरी काढून घ्या.

सरकीवाली · रात्री १०:१२

डुगडुगत नाही. दुकानदार म्हणते आम्ही काही केलंच नाही, तुमचा आधीपासून असाच होता. बघते.

नागपूरकर_९९ · सोमवार, सकाळी ८:१५

माझा आयफोन आहे, काहीच व्हायब्रेट होत नव्हता, ना कॉल ना कीबोर्ड. साउंड्स अँड हॅप्टिक्समध्ये सगळं बरोबर. शेवटी ॲक्सेसिबिलिटीमध्ये टचच्या आत व्हायब्रेशन नावाचं बटण बंद सापडलं. ते बंद असलं की बाकी काहीही चालू करा, फोन मुका. कोणाला उपयोग झाला तर बघा.

जय_किसान_मोबाईल · सकाळी ८:४०

सगळ्यात सोपं म्हणजे फॅक्टरी रिसेट मारा. निम्मे फोन त्यानंच ठीक होतात.

मीनाक्षी_व · सकाळी ८:५२

रिसेट मारला की फोटो, नंबर, पीक विम्याचे कागद सगळं जाते. आधी सेफ मोड लावून पाहा ना, त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात. सेफ मोडमध्ये चांगली घरघर झाली तर ॲपचा दोष. आणि इथं तर टेस्ट कोडमध्येच अडखळते, रिसेटनं स्प्रिंग थोडीच सरळ होणार.

कपाशीवाला_दारव्हा · बुधवार, रात्री ९:२०

मंडळी, झालं काम. सविस्तर सांगतो.

त्या ९०० वाल्याकडे नाही गेलो, बाजाराच्या दिवशी दिग्रसला एका पोराकडे गेलो. त्याला पहिलेच सांगितलं, खाली डावीकडे दाबलं की चालते, जोड पाहा. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं काही मी पण दुकान टाकून बसलो आहे. मागचं झाकण प्लास्टिकचं, ड्रायरनं थोडं तापवून नखानंच काढलं. काच असती तर उघडायचेच दोनशे घेतले असते म्हणे, फुटायची जोखीम वेगळी.

खालची फ्रेम काढली. काका, हिरवं! एका पायावर चांगलंच हिरवं, आणि दुसरा पाय बसून गेलेला, टेकतच नव्हता. मोटर बटणवालीच निघाली. घड्याळाचा सेल मी सोबतच नेला होता 😄 लावला तर फिरली. पण पाच वेळा लावला त्यात एकदा हटून बसली, ठोकल्यावर फिरली.

पोरानं ठिपके आणि पाय आयपीए लावून जुन्या ब्रशनं घासले, चिमट्यानं दोन्ही पाय जरासे वर उचलले, बसवलं. दीडशे रुपये. नवीन मोटर टाकतो म्हणे, अजून शंभर, पण त्याच्याजवळ त्या मापाची नव्हती.

घरी येऊन ताटात ठेवून फोन लावला. बाबा जेवत होते, त्यांच्याच ताटाच्या बाजूच्या ताटात. फोन सरकत सरकत पार काठापर्यंत गेला. बाबांना ऐकू नाही आलं पण खालच्या पाटाला थरथर लागली तर भाकरी हातात धरून इकडं तिकडं पाहाले लागले.

मीनाक्षी_व · रात्री ९:२६

वा!! आईंची तब्येत कशी आहे?

कपाशीवाला_दारव्हा · रात्री ९:२९

बरी आहे ताई, बीपी कमी झाला होता. गोळी चालू आहे.

सोल्डर_काका · रात्री ९:५०

छान. पण ते "एकदा हटून बसली" विसरू नका. जोडाचा दोष गेला, मोटरच्या आतला ब्रश झिजलेला आहे. फिरताना वजन नेमकं त्या झिजलेल्या जागी थांबलं की पुढच्या वेळी उठत नाही, ठोकलं की जागा बदलते आणि उठते. आज पाचात एक, सहा महिन्यांनी पाचात दोन होईल. बाबांचं सारं त्यावरच आहे म्हणून त्या मापाची मोटर भेटली की बदलून घ्या, जाडी आणि पायांची जागा तीच पाहिजे, नाहीतर झाकण बसणार नाही.

आणि फोन एकदा उघडला की कडेचा गोंद पहिल्यासारखा नाही राहत. पुढच्या फवारणीला पन्नी सक्तीची. पातळ कडक कव्हर घ्या, अंगठी काढा.

तोवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये फ्लॅश नोटिफिकेशन आहे का पाहा, कॉल आला की कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकते. खिशात उपयोग नाही पण रात्री खाटेजवळ कामी येते. नवीन ॲन्ड्रॉइडमध्ये आहे, जुन्यात सगळ्याच कंपन्या देत नाहीत.

कपाशीवाला_दारव्हा · रात्री १०:०१

पाहिलं, आमच्यात नाही. मोटर यवतमाळहून मागवतो. कव्हर आजच बदललं, १८ ग्रॅमचं. अंगठी बाबा काढू देत नव्हते, त्यात बोट घालून फोन फिरवायची सवय.

सरकीवाली · गुरुवार, दुपारी १:१०

माझंही सांगते. दुकानात स्क्रू मोजायला लावले. एक कमी निघाला. दुकानदार म्हणे हा तर कंपनीतूनच नसेल. लावून दिला, खर्र खर्र ऐंशी टक्के गेलं. अजून थोडं आहे, टेप बदलायला पुन्हा या म्हणाला. सीझन संपल्यावर जाईन.

कोरडवाहू · दुपारी २:३०

धागा उशिरा वाचला. माझं कोणी सांगेल का, मागच्या महिन्यात अपडेट आलं तेव्हापासून मेसेजची घरघर पूर्ण गेली, कॉलची मस्त आहे, टेस्ट कोडमध्येही मस्त. सेव्हर बंद, पट्ट्या पूर्ण, सेफ मोड करून पाहिला, तिथंही मेसेजला नाही होत.

मीनाक्षी_व · दुपारी २:४४

मेसेजच्या ॲपची नोटिफिकेशन सेटिंग वेगळी उघडून पाहा, एकेका ॲपला सायलेंट नावाचा पर्याय असते. त्यावर गेलं असेल तर ना आवाज ना घरघर.

कोरडवाहू · दुपारी ३:०२

सायलेंट नाही. आवाज येते, घरघर नाही.

सोल्डर_काका · दुपारी ३:२०

मग मोटर चांगली आहे एवढं नक्की. पुढचं मला नाही सांगता येत, मी लोखंडाचा माणूस. कोणी त्याच फोनवाला असेल तर बोला.

संत्रामास्तर · शुक्रवार, सकाळी ६:१०

खाटेच्या पाटीवर फोन ठेवला काल. रात्री साडेबाराला थ्री फेज आली, ऑटोस्टार्टरचा फोन आला, पाटी अशी वाजली की मी उठलो, बायको उठली, आणि खाटेखालचं कुत्रं भुंकाले लागलं ते शेजारी उठेपर्यंत. ओलीत मात्र झालं. आता मीनाक्षीताई, कुत्र्यासाठी कोणती सेटिंग आहे तेवढं सांगा.